गृहकर्जाची फाईल ठरलेल्या दिवसांत सुटत नाही? शाखेतली तूट शोधायचा क्रम

गृहकर्जाचं टार्गेट आणि प्रत्यक्ष लागणारे दिवस यांतली तफावत शोधायला मला पुण्यातल्या वेगवेगळ्या शाखांत पाठवतात. शाखा बदलते, तक्रार बदलत नाही. अर्ज आल्यापासून मंजुरीपर्यंत 10 कामकाजाचे दिवस ठरलेले असतात आणि शाखा तिथवर पोहोचत नाही. शाखाप्रमुखांची कारणंही ठरलेली असतात. माणसं कमी आहेत आणि पॅनलवरचे वकील मालकीहक्क तपासून द्यायचा सर्च रिपोर्ट वेळेत देत नाहीत. दोन्ही कारणं कधीकधी खरी निघतात, पण ती तपासायची पाळी बरीच नंतर येते.

मी ज्या क्रमाने तपासतो तो इथे देतोय. फुकटात आणि बसल्या जागी होणारं आधी, झोनल ऑफिसची परवानगी लागणारं शेवटी. उदाहरण म्हणून सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यातली एक शाखा घेतली आहे. हिशोब डोळ्यांसमोर राहावा म्हणून तिचे आकडे गोल केलेत.

लक्षणं

रिपोर्टमध्ये सरासरी 12 दिवस दिसतात आणि ग्राहक मात्र "महिना होत आला हो" म्हणतो. दोघंही खोटं बोलत नसतात, दोघांची मोजायची सुरुवात वेगळी असते.

महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात निम्म्याहून जास्त मंजुऱ्या निघतात आणि पहिला आठवडा कोरडा जातो.

शाखेच्या फाईल तपासणाऱ्या प्रोसेसिंग सेलकडून एकाच फाईलवर दोन-तीन वेळा क्वेरी येते, दर वेळी नव्या कागदासाठी.

मंजुरी मिळूनही ग्राहक कर्ज उचलत नाही, कारण तोवर त्याने दुसरीकडून घेतलेलं असतं. बिल्डरच्या सेल्स ऑफिसातले लोक तुमच्या शाखेचं नाव सुचवायचं बंद करतात. हे कुठल्याच रिपोर्टमध्ये येत नाही, साइटवर चक्कर मारली की कळतं.

आणि सगळ्यात ओळखीचं लक्षण म्हणजे मोहीम काढली की दिवस कमी होतात आणि पुढच्या तिमाहीत जैसे थे. यातली दोन लक्षणं दिसत असतील तर पुढे वाचा. फक्त शेवटचं दिसत असेल तर तिसऱ्या आणि चौथ्या तपासणीकडे जास्त लक्ष द्या.

पहिली तपासणी: फाईल मोजा

याला खर्च नाही आणि तासाभरात होते. शाखेचं कपाट, अधिकाऱ्याच्या टेबलाचा खण, वकिलांकडे गेलेल्या फाईल आणि सेलकडे पडलेल्या फाईल अशा अर्ज येऊन मंजुरी किंवा नकार न मिळालेल्या सगळ्या फाईल मोजायच्या. सिस्टिममधली यादी काढून काम भागवू नका. हाताने मोजा.

मग गेल्या तीन महिन्यांत रोज सरासरी किती अर्ज आले ते आवक नोंदवहीतून काढा. हातातल्या फाईलना रोजच्या आवकेने भागलं की एका फाईलला साधारण किती दिवस लागतात ते मिळतं. आवक आणि जावक ढोबळमानाने सारखी असेल तर हा हिशोब चुकत नाही.

आमच्या उदाहरणातल्या शाखेत रोज सरासरी दीड अर्ज यायचा. रिपोर्ट म्हणत होता 12 दिवस, म्हणजे हातात 18 फाईल असायला हव्या होत्या. मोजल्या तर 26 निघाल्या. 26 भागिले दीड म्हणजे 17 दिवसांच्या थोडं वर. म्हणजे तफावत 2 दिवसांची नव्हती, 7 दिवसांची होती आणि 5 दिवस रिपोर्टच्या बाहेर कुठेतरी बसले होते.

ते खणात बसले होते. अर्ज घेतला जायचा, कागद अपुरे असायचे, म्हणून सिस्टिममध्ये लॉगिन व्हायचं नाही. कागद पुरे झाले की लॉगिन, आणि घड्याळ तिथून सुरू. कुणी मुद्दाम आकडे फिरवत नव्हतं. "अपुरी फाईल लॉगिन केली तर आपलाच रिपोर्ट बिघडतो" हे नव्या माणसाला पहिल्या आठवड्यातच शिकवलं जायचं, एवढंच.

इथे एक नियमही आड येतो. रिझर्व्ह बँकेच्या 2003 सालच्या उचित व्यवहार संहितेनुसार प्रत्येक कर्ज अर्जाची पोच देण्याची व्यवस्था बँकेने ठेवायची असते. त्या पोचेवरची तारीख हीच सुरुवात धरा. पोच दिलीच जात नसेल तर आधी ती सुरू करा, बाकी तपासण्या थांबू द्या. सुरुवातीची तारीखच नसेल तर पुढचं प्रत्येक गणित अंदाजावर चालतं.

एक सावधगिरी. पाडवा किंवा दसऱ्याच्या आसपास बुकिंगचा लोंढा येतो आणि पितृपक्षात आवक आटते. त्या दिवसांत मोजलेल्या फाईल फसवतात. पितृपक्षात तर प्रत्येक शाखा कार्यक्षम दिसते. मधल्या साध्या आठवड्यात मोजा.

दुसरी तपासणी: दिवस कसे मोजलेत

टार्गेट कामकाजाच्या दिवसांत आणि प्रत्यक्ष आकडा कॅलेंडरच्या दिवसांत, असा घोळ मी अजूनही बघतो. त्यात 2015 च्या सप्टेंबरपासून दुसरा आणि चौथा शनिवार बँकांना सुटी आहे, बाकीचे शनिवार पूर्ण कामाचे. एक्सेलचा नेहमीचा `NETWORKDAYS` प्रत्येक शनिवार सुटीचा धरतो, त्यामुळे दिवस कमी दिसतात. त्याऐवजी हे वापरा:

```
=NETWORKDAYS.INTL(B2,C2,11,Holidays)-1
```

`B2` मध्ये पोचेची तारीख, `C2` मध्ये मंजुरीची. `11` म्हणजे फक्त रविवार सुटी. `Holidays` नावाच्या यादीत महाराष्ट्रातल्या बँक सुट्या आणि वर्षातले दुसरे-चौथे शनिवार तारखेने भरायचे. शेवटचा वजा एक अशासाठी की हे सूत्र सुरुवातीचा आणि शेवटचा असे दोन्ही दिवस मोजतं. सोमवारी आलेली फाईल मंगळवारी सुटली तर ते 2 सांगेल, आपल्याला 1 हवा असतो.

सरासरीसोबत मधला आकडा, म्हणजे मीडियनही काढा. वारसाच्या भांडणात अडकलेली एखादी फाईल 90 दिवस पडून असली तर ती एकटी सरासरी वर ओढते. सरासरी आणि मधला आकडा यांत फार फरक असेल तर लांबलेल्या चार-पाच फाईल बाजूला काढून त्यांचं वेगळं बघा. त्यांच्यामुळे बाकीच्यांवर उपाय करत बसू नका.

तिसरी तपासणी: टार्गेट कोणत्या फाईलसाठी ठरलं होतं

अर्ध्या दिवसाचं काम आहे आणि बहुतेक शाखा ते करतच नाहीत. सगळी गृहकर्जं एका मापाची नसतात. बँकेने आधीच मंजूर केलेल्या प्रकल्पातला फ्लॅट असेल तर जमिनीचं टायटल, बांधकाम परवानगी, महारेरा नोंदणी हे सगळं एकदाच तपासून ठेवलेलं असतं. उरतो तो ग्राहकाचा पगार आणि त्याचा करारनामा. रिसेल फ्लॅट असेल तर प्रत्येक फाईलचं टायटल नव्याने तपासावं लागतं.

या शाखेचं 10 दिवसांचं टार्गेट कुठून आलं ते झोनल ऑफिसच्या जुन्या टिपणात सापडलं. 80 टक्के फाईल मंजूर प्रकल्पातल्या आणि त्यांना 8 दिवस, 20 टक्के रिसेल आणि त्यांना 18 दिवस. 8 चे 80 टक्के म्हणजे 6.4, 18 चे 20 टक्के म्हणजे 3.6. बेरीज 10.

आता शाखेकडे प्रत्यक्षात काय येत होतं? आजूबाजूचे मोठे प्रकल्प विकून झाले होते आणि त्यांतलेच फ्लॅट आता रिसेलला येत होते. प्रमाण निम्मं-निम्मं झालं होतं. म्हणजे शाखेने प्रत्येक फाईल अगदी ठरल्या दिवसांत सोडली असती, तरी सरासरी 4 अधिक 9, म्हणजे 13 आली असती.

7 दिवसांच्या तफावतीतले 3 दिवस इथेच मिळाले. ते कुणाच्या कामचुकारपणाचे नाहीत, फाईलचं मिश्रण बदलल्याचे आहेत. उरलेले 4 दिवस मात्र शाखेचे. मंजूर प्रकल्पाच्या फाईलला 8 ऐवजी 11 लागत होते आणि रिसेलला 18 ऐवजी 23.

ही फोड का महत्त्वाची? ती केली नाही तर शाखाप्रमुख 7 दिवस कमी करायच्या मागे लागतो, त्यातले 3 त्याच्या हातात नसतात आणि मग तो एकच सोपा रस्ता धरतो. रिसेलचे ग्राहक गोड बोलून परत पाठवायचे. आकडा सुधारतो, धंदा जातो. मोहिमेनंतर आकडा परत बिघडतो त्याचं एक कारण हेच आहे. परत पाठवलेले ग्राहक पुढच्या तिमाहीत टार्गेट भरायला पुन्हा बोलवावे लागतात.

चौथी तपासणी: फाईल कुठे झोपते

दोन-तीन दिवस लागतील. गेल्या तिमाहीत मंजूर झालेल्या 20 रिसेल फाईल आणि 20 प्रकल्पाच्या फाईल काढा. निवडून नको, नोंदवहीतली प्रत्येक तिसरी किंवा चौथी घ्या. प्रत्येकीवर टप्प्याच्या तारखा लिहा. सिस्टिममधल्या तारखा, वकिलांच्या रिपोर्टवरची तारीख, सेलची मेल, आवक-जावक, जिथून मिळेल तिथून. रिसेलचं चित्र असं निघालं:

| टप्पा | ठरलेले दिवस | लागलेले दिवस |
|---|---|---|
| पोच ते लॉगिन (कागद पुरे होणं) | 3 | 6 |
| वकिलांचा सर्च रिपोर्ट, सोबत व्हॅल्युएशन | 7 | 7 |
| अप्रेझल | 2 | 2 |
| सेलच्या क्वेरी आणि त्यांची उत्तरं | 4 | 6 |
| मंजुरी | 2 | 2 |
| एकूण | 18 | 23 |

ज्यांच्या नावाने सगळी शाखा खडे फोडत होती त्या वकिलांच्या टप्प्यात एका दिवसाचीही तूट नाही. उलट त्या 7 दिवसांतले 2 आमच्याच ट्रेमधले निघाले, कारण वकिलांकडे कागद घेऊन जाणारा शिपाई आठवड्यातून दोनदाच जायचा. वकील महाशय हवेलीच्या दुय्यम निबंधक कार्यालयातला सर्च, सातबारा किंवा मिळकत पत्रिका बघून 5 दिवसांत रिपोर्ट देत होते. स्कॅन त्याच संध्याकाळी मेल करायची आणि मूळ कागद नंतर पाठवायचे, एवढं केलं तरी हे 2 दिवस सुटतात.

तूट होती कागद पुरे होण्यात 3 दिवस आणि क्वेरीत 2 दिवस. प्रकल्पाच्या फाईलमध्येही तेच, फक्त 2 आणि 1. फाईल निम्म्या-निम्म्या असल्यामुळे दोन्हींची सरासरी काढली की शाखेच्या 4 दिवसांपैकी अडीच कागदांत आणि दीड क्वेरीत.

हे दोन टप्पे वेगळे दिसले तरी मूळ एकच असतं. त्यासाठी एक फाईल शेवटपर्यंत वाचायची. मी धायरीतल्या एका रिसेल फ्लॅटची घेतली. इमारत 2010 ची. पहिल्या मालकाने बिल्डरकडून घेतला, 2016 मध्ये दुसऱ्याला विकला, आता तो तिसऱ्याला विकत होता. ग्राहकाने काउंटरवर 2016 चा करारनामा, त्याची सूची क्रमांक 2 आणि स्वतःच्या व्यवहाराचा मसुदा दिला. सातव्या दिवशी वकिलांनी विचारलं, 2010 चा बिल्डरसोबतचा करारनामा कुठे आहे? तो आणल्यावर सेलने विचारलं, पूर्णत्वाचा दाखला? तोही आला. मग तिसरी क्वेरी आली. बांधकाम परवानगी महापालिकेची दिसत नाही, खुलासा करा.

तिसऱ्या क्वेरीचं उत्तर धायरीत राहणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे. गावाचा हा भाग महापालिकेत 2017 मध्ये आला. 2010 मध्ये तिथे महापालिकेची परवानगी असूच शकत नाही. पलीकडचं नऱ्हे तर 2021 मध्ये आलं आणि मध्ये 2015 पासून पीएमआरडीए, म्हणजे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण होतं. म्हणजे या पट्ट्यात इमारत कोणत्या वर्षाची यावर परवानगी कुणाची असायला हवी ते ठरतं. सेल बसतो शहराच्या दुसऱ्या टोकाला, तिथल्या अधिकाऱ्याने विचारलं यात त्याची चूक नाही. शाखेने पहिल्याच दिवशी एका ओळीत लिहून पाठवायला हवं होतं.

आणि या तिन्ही क्वेरींच्या वर एक चौथी गोष्ट होती. विकणाऱ्याचं स्वतःचं कर्ज चालू होतं, म्हणजे मूळ करारनामे त्याच्या बँकेत. त्या बँकेकडून जमा कागदपत्रांची यादी आणि बाकी रकमेचं पत्र आणावं लागतं. हे कळलं नवव्या दिवशी, ग्राहकाच्या बोलण्यातून सहज.

आता काउंटरवरची कागदांची यादी बघा. त्यात पगाराच्या पावत्या, फॉर्म 16, बँक स्टेटमेंट असं सगळं नीट होतं आणि शेवटी एक ओळ होती: "मालमत्तेची कागदपत्रे". बस. काउंटरवरच्या मुलीने ती ओळ तिच्या समजुतीने वाचली, ग्राहकाने त्याच्या. 20 रिसेल फाईलपैकी 13 निदान एकदा परत आल्या होत्या आणि बहुतेकींचं कारण याच ओळीत होतं.

दुरुस्ती म्हणून रिसेलची यादी वेगळी छापली. त्यात विचारायच्या गोष्टी अशा शब्दांत लिहिल्या की उत्तर हो किंवा नाही यावं. बिल्डरपासून आजच्या विकणाऱ्यापर्यंतचे सगळे करारनामे आणत आहात का, एकही मधला सुटला नाही ना? प्रत्येकाची सूची क्रमांक 2 आहे का? विकणाऱ्याचं कर्ज चालू आहे का, असल्यास कुठे? इमारत कोणत्या वर्षाची, तेव्हा गाव कुणाच्या हद्दीत होतं, परवानगी आणि पूर्णत्वाचा दाखला कुणाचा? सोसायटी झाली आहे का, भाग दाखला कुणाच्या नावावर? पॅन, आधार आणि करारनामा यांवरचं नाव अक्षरशः सारखं आहे का? हे शेवटचं किरकोळ वाटतं, पण लग्नानंतर नाव बदललेल्या सहअर्जदारांच्या फाईल इथे हमखास अडतात.

अपुरी फाईल घ्यायचीच नाही, असा नियम मात्र करू नका. तो केला की फाईल पुन्हा खणात जातात आणि पहिल्या तपासणीतला लपलेला काळ परत येतो. अर्ज घ्या, पोच द्या, काय कमी आहे ते त्याच पोचेवर लिहून द्या.

क्वेरीबद्दल थोडं आणखी

यादी बदलल्यावर कागदांचे दिवस लगेच उतरतात, क्वेरीचे तितके नाहीत. कारण एक खाचखळगा सेलकडे असतो. शाखेने उत्तर दिलं की ती फाईल रांगेत पुन्हा शेवटी लागते. अधिकारी नव्याने उघडतो, आधीचं आठवत नाही, पुन्हा पहिल्यापासून वाचतो आणि त्याला नवीन काहीतरी दिसतं. एका क्वेरीचे दोन-तीन दिवस होतात ते उत्तर द्यायला नाही, रांगेत उभं राहायला.

हे तुमच्या बाबतीत होतंय का ते ओळखणं सोपं आहे. उत्तराच्या मेलची तारीख आणि त्यानंतर फाईल पहिल्यांदा उघडल्याची तारीख यांतलं अंतर बघा. दीड दिवसाच्या वर असेल तर सेलच्या प्रमुखांशी बोला. दोन गोष्टी मागा: उत्तर आलेली फाईल नव्या फाईलच्या आधी बघायची आणि पहिल्या वाचनात सगळ्या शंका एकदम पाठवायच्या. भांडायला जाऊ नका, तारखा घेऊन जा. "मॅडम, या बारा फाईल बघा, उत्तर गेल्यावर कधी उघडल्या गेल्या" म्हटलं की पुढचं बोलणं छोटं होतं.

पाचवी तपासणी: माणसं खरंच कमी आहेत का

इथवर येईपर्यंत हा प्रश्न विचारू नका. आधी विचारला तर उत्तर नेहमी हो असतं.

आमच्या शाखेत अप्रेझल करणारा अधिकारी एकच. रिसेल फाईलला त्याचे 3 तास जात, प्रकल्पाच्या फाईलला दीड तास, सरासरी सव्वादोन. रोज दीड फाईल म्हणजे साधारण 3.4 तास. परत आलेल्या फाईलला प्रत्येक वेळी तास धरला आणि सरासरी एक फाईल एकदा परत येते असं धरलं, तर रोज आणखी दीड तास. एकूण 5 तासांच्या जवळ. नूतनीकरणं, ग्राहकांचे फोन, ऑडिटचे खुलासे जाऊन त्याच्याकडे कर्जासाठी उरत होते तेही साधारण 5 तास.

म्हणजे तो पूर्ण भरलेला होता. अशा माणसाकडे एका दिवशी दोनच्या जागी चार फाईल आल्या की रांग लागते आणि ती उतरायला आठवडा जातो, कारण मोकळा वेळच नाही. महिनाअखेरीस मंजुऱ्यांचा ढीग पडतो तो यातूनच. पण परत येणाऱ्या फाईल निम्म्या झाल्या तर काम 4.1 तासांवर येतं आणि रोजचा पाऊण-एक तास सुटतो. तेवढ्यात अचानक आलेल्या चार फाईलही पोटात मावतात. या शाखेला जादा माणूस नको होता.

परत येणाऱ्या फाईल कमी करूनही अधिकाऱ्याचा उपलब्ध वेळ 85 टक्क्यांच्या वर भरलेला राहत असेल, तर माणूस मागा. तेव्हा मागणी मान्य व्हायची शक्यताही जास्त, कारण कागदावर हिशोब असतो.

नंतर काय बघायचं

दर सोमवारी हातातल्या फाईल मोजा आणि मंजूर झालेल्या फाईलवर सरासरी किती क्वेरी आल्या ते लिहा. एवढे दोन आकडे पुरतात. दिवसांची सरासरी महिन्याने हलते, क्वेरींची संख्या दोन आठवड्यांत. क्वेरी उतरल्या नसतील आणि दिवस उतरले असतील, तर लॉगिन पुन्हा उशिरा होतंय असं समजा आणि खण उघडून बघा.

उन्हाळ्यातल्या बदल्यांनंतर काउंटरवर नवं माणूस येतं, तेव्हा छापील यादी त्याच्या हातात पडली का ते स्वतः बघा. यादी संगणकात "कुठेतरी" असते, जुनी मात्र टेबलाच्या काचेखाली असते.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

टायटलबद्दल शाखेने स्वतःचं मत बनवायचं नाही. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग 2 दिसला, गुंठेवारीतलं बांधकाम निघालं, मधला एखादा करारनामा नोंदणीकृत नसला किंवा मूळ प्रत हरवली असली, तर फाईल पॅनल वकिलांकडे. हरवलेल्या कागदासाठी पोलिसांत तक्रार, जाहीर नोटीस, नोंदणी कार्यालयातून प्रमाणित प्रत हे सगळं वकील सांगतील तसं आणि तेवढा वेळ देऊन. अशी फाईल टार्गेटच्या सरासरीतून वेगळी दाखवा, घाई करून त्यात बसवू नका.

फाईल वाचताना एकाच फ्लॅटवर दोन अर्ज दिसले, वेगवेगळ्या ग्राहकांच्या विवरणपत्रांत आकडे आणि चुकासुद्धा सारख्या दिसल्या, किंवा पगाराच्या पावतीवरची कंपनी पत्त्यावर नसली, तर तुमचं काम तिथे संपलं. ग्राहकाला, एजंटला किंवा शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्यालाही विचारायला जाऊ नका. आहे तशी फाईल बंद करून शाखाप्रमुखांमार्फत बँकेच्या दक्षता किंवा फसवणूक नियंत्रण विभागाला कळवा. मंजुरीची तारीख मागची टाकलेली दिसली तर तेच करा, आणि ती शाखाप्रमुखांनीच टाकलेली असेल तर थेट दक्षता विभागाला.

सिस्टिमच तारखा चुकीच्या नोंदवत असेल, म्हणजे परत आलेली फाईल नव्याने लॉगिन झाल्यावर जुनी तारीख पुसली जात असेल, तर एक्सेलमध्ये दुरुस्त करून पाठवू नका. दोन-तीन फाईलचे स्क्रीनशॉट लावून झोनल ऑफिसमार्फत आयटीकडे तक्रार टाका. तोवर पोचेची तारीख हाताने लिहिलेल्या नोंदवहीत ठेवा.

आणि टार्गेट बदलायचा अधिकार शाखेला नाही. तिसऱ्या तपासणीत निघालेले 3 दिवस शाखेने कितीही धावाधाव केली तरी भरून निघत नाहीत. त्यासाठी झोनल ऑफिसला एक पानाचं टिपण द्या: जुनं मिश्रण, आजचं मिश्रण, दोन्हींचा गुणाकार आणि रिसेलसाठी 18 व प्रकल्पासाठी 8 असं वेगवेगळं टार्गेट ठेवण्याची विनंती. सोबत शाखा स्वतःचे 4 दिवस कसे भरून काढतेय ते लिहा. नुसतं टार्गेट वाढवून मागणारं टिपण वरती कुणी दुसऱ्यांदा वाचत नाही.